चार बेदाण्यांचा लाडू

आरशासमोर उभे राहा बघू! हनुवटी जराशी वर करा. आता पाण्याचा एक घोट घ्या आणि गिळताना गळ्याकडे नीट बघा.

काहीतरी टुणकन वर सरकलं आणि खाली आलं, हो ना? ते तुमचं स्वरयंत्र. पण गंमत पुढेच आहे. त्याच्या जरा खाली, श्वासनळीला चिकटून, आणखी कुणीतरी वर-खाली झालं. ते मात्र दिसलं नाही. दिसलं नाही तेच बरं! का, ते येईल पुढे.

तिचं नाव थायरॉइड ग्रंथी. मराठी पुस्तकांत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. श्वासनळीच्या डावीकडे एक भाग, उजवीकडे एक भाग आणि मध्ये छोटासा जोड. मोठ्या माणसाच्या गळ्यातसुद्धा तिचं वजन असतं जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. पण हुकूम चालतो अख्ख्या शरीरावर! ती एक रस तयार करते आणि रक्तात सोडते. अशा रसाला हार्मोन म्हणतात. हृदयाने किती भरभर धडधडायचं, अंगात ऊब किती ठेवायची, उंची कशी वाढायची, हे सगळं त्या हार्मोनवर ठरतं. आईच्या पोटातल्या बाळाचा मेंदू घडायलाही तेच लागतं.

आता कल्पना करा, थायरॉइड हे एक स्वयंपाकघर आहे आणि तिथे फक्त लाडू वळले जातात. लाडू म्हणजे हार्मोन. त्याचा रवा शरीरात भरपूर असतो. डाळ, दूध, अंडी असं काहीही खाल्लं की त्यातून टायरोसिन नावाचा पदार्थ मिळतो, तोच हा रवा. पण इथल्या मुख्य लाडवात चार बेदाणे हवेतच! तीन नाही, पाच नाही, मोजून चार. हे बेदाणे म्हणजे आयोडीनचे अणू. म्हणून तर शास्त्रज्ञांनी या हार्मोनला नाव दिलंय ‘टी-४’!

रवा शरीर स्वतः जमवतं. बेदाणा मात्र त्याला बनवता येत नाही. तो बाहेरूनच यायला हवा, खाण्यापिण्यातून.

किती लागतो, ओळखा पाहू! एक ग्रॅम आयोडीन घ्या. त्याचे दहा लाख सारखे भाग करा. त्यातले १५० भाग उचला. झाली मोठ्या माणसाची दिवसभराची गरज! तुमच्या वयाला तर १२० पुरतात. सत्तर वर्षांचं आयोडीन एकत्र केलं, तरी ते चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. अख्ख्या आयुष्याचे बेदाणे, आणि छोटा चमचाही भरला नाही!

इतकी दुर्मीळ वस्तू म्हटल्यावर थायरॉइड कशी वागत असेल? अगदी हावरटासारखी! रक्तातून आयोडीन जाताना दिसलं, की ती ते आत ओढून घेते. रक्तात जितकं दाट असतं, त्याच्या वीस-तीस पट दाट ती आपल्याकडे साठवते. शिवाय तयार लाडूही डब्यात भरून ठेवते. महिना-दोन महिने पुरतील इतके! म्हणून चार दिवस आयोडीन मिळालं नाही, तरी काही बिघडत नाही.

पण महिनोन्महिने, वर्षानुवर्षं बेदाणे आलेच नाहीत तर?

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. ही त्या स्वयंपाकघराची मुकादम. रक्तातले लाडू कमी झाले की ती लगेच निरोप पाठवते, ‘लाडू वाढवा!’ हा निरोप म्हणजेही एक हार्मोनच. निरोप मिळताच थायरॉइड धडपडून कामाला लागते. पण वळणार काय? बेदाणे कुठायत? लाडू काही वाढत नाहीत. मग मुकादम आणखी जोरात, ‘अरे, वाढवा!’

बिचारी थायरॉइड काय करते? आचारी वाढवते! तिच्या पेशी मोठ्या होतात, एकीच्या दोन होतात. चूल वाढते, ओटा वाढतो, स्वयंपाकघर पसरत जातं. आणि एक दिवस गळ्यावर फुगवटा दिसू लागतो. हाच गलगंड!

म्हणजे बघा, गाठ मोठी आणि माल कमी! मला तरी शरीरातल्या उलट्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात मजेशीर वाटते. आणि थायरॉइड हुशारही किती! टंचाई आली की ती तीनच बेदाण्यांचे लाडू जास्त वळू लागते. त्यांचं नाव अर्थातच टी-३. बेदाणा एक कमी, पण काम टी-४पेक्षा जास्त जोमाने करणारे! टंचाई थोडी असेल, तर एवढ्यावर निभावतं. फार असेल, तर नाही. मग थंडी सोसवत नाही, सुस्ती येते, मुलांची वाढ आणि शिकणं मंदावतं.

गाठ दिसायच्या आधीच थायरॉइड वाढलीय हे डॉक्टरांना कसं कळतं? ते बोटांनी गळा चाचपतात. आणि माप कसलं लावतात, सांगा? तुमच्याच अंगठ्याचं! तुमच्या अंगठ्याच्या टोकाचं पेर बघा. थायरॉइडचा डावा किंवा उजवा भाग त्या पेरापेक्षा मोठा लागला, तर तो गलगंड. प्रत्येकाची मोजपट्टी प्रत्येकाच्या हातात! अर्थात प्रत्येक गाठीचं कारण आयोडीनच असतं असं नाही. ते तपासून डॉक्टरच सांगतात.

बेदाणे संपतात तरी कुठे? मुख्यतः डोंगरात. हजारो वर्षं पाऊस, पूर आणि वितळणारं बर्फ मातीतलं आयोडीन धुऊन समुद्राकडे नेतात. मातीत नाही, म्हणून धान्यात नाही. धान्यात नाही, म्हणून ताटातही नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोरं आहे, आजच्या हिमाचल प्रदेशात. तिथे शंभरातल्या जवळजवळ चाळीस जणांना गलगंड होता! १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक भलामोठा प्रयोग सुरू केला. माणसं किती? सुमारे एक लाख! खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, एका भागाला साधं मीठ. मीठच का? कारण श्रीमंत असो की गरीब, मीठ सगळेच खातात, रोज खातात आणि साधारण सारखंच खातात.

सहा वर्षांनी पुन्हा गळे तपासले. आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला होता. साध्या मिठाच्या भागात? होता तिथेच! मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ देण्यात आलं. मुलांच्या गाठी ओसरतात. पण मोठ्यांच्या जुन्या, गुठळ्या झालेल्या गाठी बऱ्याचदा तशाच राहतात.

आणि हो, तुम्हाला एक शंका आलीच असेल. आयोडीन समुद्रात गेलं, तर मिठागरातलं मीठ आयोडीनने गच्च भरलेलं असणार! चूक! पाणी आटून मिठाचे खडे होतात, तेव्हा आयोडीन त्यांच्यात फारसं शिरतच नाही. म्हणून ते वेगळं मिसळावं लागतं.

कांगड्यातल्या दोन भागांच्या मिठात मुद्दाम वेगवेगळे पदार्थ घातले होते. एकात पोटॅशियम आयोडाइड, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट. आपल्याकडच्या दमट हवेत आयोडाइडमधलं आयोडीन हळूहळू उडून जातं. आयोडेट जास्त टिकतं. घरातलं मिठाचं पाकीट आणा आणि बारीक अक्षरं वाचा. दोघांपैकी कोणाचं नाव सापडतंय?