रिपोर्टवरचा H म्हणजे आजार नव्हे

रात्री साडेनऊला घरच्या ग्रुपवर मावशीच्या सीबीसीचा स्क्रीनशॉट येऊन पडला. दोन ओळी ठळक. न्यूट्रोफिल ३८ टक्के, पुढे L. लिम्फोसाइट ५२ टक्के, पुढे H. पाठोपाठ मावशीचाच प्रश्न: "लिम्फोसाइट वाढलेत, म्हणजे रक्ताचं काही निघालं का रे?" तोवर कुणीतरी गूगलही करून मोकळं झालं होतं.

गैरसमज: मर्यादेबाहेरचा आकडा म्हणजे बिघाड.

छापलेली मर्यादा कशी ठरते ते आधी पाहू. निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आलेले आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे. मधले ९५ टक्के म्हणजे ती मर्यादा. याचा अर्थ शंभर धडधाकट माणसांतल्या पाचांच्या आकड्यापुढे H किंवा L उमटणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून शक्यता थोडी कमी होते. पण 'फुल बॉडी' पॅकेजच्या रिपोर्टवर एकही खूण नसली तर मला तेच नवल वाटतं.

मावशीच्या बाबतीत तर याहून साधी गोष्ट होती. टक्के हे वाटे आहेत. एक वाटा कमी झाला की दुसरा आपोआप मोठा दिसतो, म्हणून L आणि H अशी जोडीनेच येतात. पाहायची असते ती प्रत्यक्ष संख्या. तिच्या एकूण पांढऱ्या पेशी ५,६००. त्याचे ५२ टक्के म्हणजे २,९१२ लिम्फोसाइट. त्याच रिपोर्टवरची मर्यादा १,००० ते ३,०००. न्यूट्रोफिल ३८ टक्के म्हणजे २,१२८. मर्यादा २,००० ते ७,०००. दोन्ही आत. हे आकडे 'ॲब्सोल्यूट काउंट' या शीर्षकाखाली रिपोर्टवरच छापलेले होते. स्क्रीनशॉटमध्ये ती ओळ खाली कापली गेली होती, एवढंच.

गैरसमज: आकडा आणि मर्यादा दिसली की पुरे.

स्क्रीनशॉटमध्ये नेमकं काय गळतं ते बघा. वरचं वय आणि लिंग जातं. हिमोग्लोबिन १२.६ हे बाईचं असेल तर बहुतेक रिपोर्टांच्या १२ ते १५ मध्ये बसतं. पुरुषाचं असेल तर १३ च्या खाली, म्हणजे कमी. नोंदणीच्या वेळी काउंटरवर लिंग चुकीचं टाकलं गेलं, तर छापलेली मर्यादा चुकते आणि खूणही. एकक जातं. प्लेटलेट कुणी २.१ लाख लिहितं, कुणी हजारांत २१०. आकडे दोन, पेशी तेवढ्याच. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेला लावू नये. शिवाय फोनवर मोठं करून पाहताना उजवीकडे सरकताना नजर एक ओळ खाली घसरते. मी स्वतः एमसीव्हीची मर्यादा एमसीएचला लावून बसलोय.

खालची टीपही जाते, आणि ती कधीकधी सगळ्यात महत्त्वाची असते. नमुना घेताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वर जातो. 'नमुना हिमोलाइज्ड' अशी टीप असेल तर नव्याने रक्त देऊन तपासणी करावी लागते. मात्र पोटॅशियम ६.५ च्या पुढे असेल तर ते खोटं आहे असं घरी बसून ठरवू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

गैरसमज: सगळे आकडे मर्यादेत, म्हणजे सगळं ठीक.

क्रिएटिनिन ०.६ ते १.१ अशी मर्यादा धरा. ज्या बाईचं वर्षानुवर्षं ०.६ असायचं, तिचं यंदा १.१ आलं तर खूण उमटणार नाही. पण आकडा जवळजवळ दुप्पट झालाय आणि किडनीचं काम बरंच मंदावलेलं असू शकतं. मर्यादा सगळ्यांची असते, तिचा नेहमीचा आकडा तिचा एकटीचा. तो जुन्या रिपोर्टाशिवाय कळत नाही.

कोलेस्टेरॉलपुढचं '२००पेक्षा कमी' हे तर या ९५ टक्क्यांच्या हिशोबातलं नव्हेच. हृदयविकाराचा धोका पाहून तज्ज्ञांनी आखलेली ती रेघ आहे. ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेला, त्याच्यासाठी डॉक्टर याहून कडक लक्ष्य ठेवतात, मग कागदावर काहीही छापलेलं असो.

तेव्हा ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. डॉक्टरांना अख्खी पीडीएफ पाठवा, आणि सोबत मागच्या वर्षीचा रिपोर्ट.