सहा साड्या परत आल्या, वहीत काय बदलले?

दिवाळी उरकली, की घाऊक कापडाच्या पेढ्यांवर एक ठरलेला फोन येऊ लागतो. "शेठ, सहा नग परत पाठवतोय. चार रंग आम्ही सांगितलेच नव्हते आणि दोनवर तेलाचे डाग आहेत. बिलातून वजा करा." शेठ 'बरं' म्हणतात, दिवाणजी त्या दुकानदाराच्या खात्यावर रक्कम जमा करतात आणि गठ्ठा मांडणीवर जाऊन पडतो. त्या गठ्ठ्याची नोंद बहुतेक वेळा इथेच थांबते.

वजावट झाली ती फक्त येणे रकमेची. आत आलेल्या मालाचा हिशेब वेगळा आहे आणि तो वेगळ्या भावाने करायचा असतो. गिऱ्हाइकाला जमा मिळते विक्रीच्या भावाने, तर गोदामात माल परत येतो खरेदीच्या भावाने. या दोन भावांची सरमिसळ झाली, की न कमावलेला नफा वहीत दिसू लागतो.

आकडे घेऊनच पाहू. कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने इचलकरंजीहून सुती साड्या आणल्या. वाहतूक धरून एक साडी त्याला 1,100 रुपयांना पडली. त्यातल्या 40 साड्या त्याने साताऱ्याच्या दुकानदाराला 1,500 रुपये दराने उधारीवर दिल्या. मालाचे 60,000 आणि त्यावर 5 टक्के जीएसटीचे 3,000, असे एकूण 63,000 रुपयांचे बिल झाले. 40 साड्यांची खरेदी किंमत 44,000, म्हणजे 16,000 रुपयांचा नफा. आता त्यातल्या सहा साड्या परत आल्या आहेत.

पहिले काम क्रेडिट नोटचे. सहा साड्यांचे विक्रीच्या भावाने 9,000 रुपये होतात, त्यावर कर 450. दोघेही महाराष्ट्रातले असल्यामुळे हा कर सीजीएसटी 225 आणि एसजीएसटी 225 असा विभागला जातो. रोजकीर्दीतली नोंद अशी:

विक्री परत खाते, नावे 9,000
सीजीएसटी देणे खाते, नावे 225
एसजीएसटी देणे खाते, नावे 225
साताऱ्याच्या दुकानदाराचे खाते, जमा 9,450

दुकानदाराकडून येणे होते 63,000, ते आता 53,550 राहिले. विक्री खात्याला हात न लावता 'विक्री परत' असे वेगळे खाते उघडण्यात शहाणपण आहे. वर्षाअखेर ते खाते काढून पाहिले, की कोणत्या गावचे दुकानदार किती माल माघारी पाठवतात हे एका नजरेत कळते. विक्रीतूनच परस्पर वजावट केली, तर ही माहिती कायमची बुजते.

या नोंदीला कागदाचा आधार लागतो आणि तो कागद कोणी काढायचा, यावर बाजारात बराच गोंधळ आहे. माल परत पाठवणारा दुकानदार आपल्याकडून 'डेबिट नोट' धाडतो आणि काम झाले असे समजतो. त्याच्या वहीपुरती ती ठीक आहे. मात्र केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे कर कमी करणारी क्रेडिट नोट विकणाऱ्यानेच काढायची असते. तिच्यावर तिचा स्वतंत्र अनुक्रमांक, तारीख, दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, मालाची किंमत, कराचा दर आणि रक्कम हवी. व्यापारी ती GSTR-1 या विवरणपत्रात दाखवतो. तिकडे दुकानदाराने आधी वळती करून घेतलेल्या करातून 450 रुपये कमी करायचे असतात. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर खरेदीदाराला अशी नोट स्वीकारता किंवा नाकारता येते. त्याने नाकारली, तर कमी केलेला कर व्यापाऱ्याच्या माथी पुन्हा येतो. म्हणून नोट काढल्यावर साताऱ्याला एक फोन केलेला बरा.

दुसरे काम मालाचे. सहा साड्या बाहेर गेल्या तेव्हा नगाला 1,100 रुपयांप्रमाणे साठ्यातून उतरल्या होत्या. परत येताना त्याच रकमेने चढतील:

मालसाठा खाते, नावे 6,600
विकलेल्या मालाची किंमत खाते, जमा 6,600

ही दुसरी नोंद 9,000 रुपयांनी केली तर काय होते? चूक सहज घडते, कारण दिवाणजींच्या हातात क्रेडिट नोट असते आणि तिच्यावर 1,500 चाच दर छापलेला असतो. कधी परत आलेला माल सरळ खरेदीच्या खात्यात 1,500 ने घेतला जातो. मग हिशेब असा बसतो. निव्वळ विक्री 60,000 वजा 9,000, म्हणजे 51,000. विकलेल्या मालाची किंमत 44,000 वजा 9,000, म्हणजे 35,000. नफा 16,000. सहा साड्या माघारी आल्या, त्यांचे पैसे सोडून दिले, तरी नफा होता तिथेच! मांडणीवर पडलेल्या त्या सहा साड्यांनी व्यापाऱ्याला 2,400 रुपये मिळवून दिले असे वही सांगते, आणि आयकरही त्यावर भरावा लागतो.

खरा हिशेब 34 साड्यांचा आहे. दर साडीमागे 400 रुपये, म्हणजे 13,600.

उलट चूकही तितकीच आढळते. क्रेडिट नोट निघते, पण साठ्याची नोंद करायची राहून जाते. अशा वेळी विक्री 51,000 आणि मालाची किंमत मात्र पुरी 44,000, म्हणून नफा फक्त 7,000 दिसतो. शिवाय वहीत नसलेल्या सहा साड्या मांडणीवर असतात. त्या कोणी उचलून नेल्या तरी मोजणीत तूट दिसणार नाही, कारण वहीच्या लेखी त्या दुकानात आलेल्याच नाहीत.

दोन्ही चुका पकडायला मोठे लेखापरीक्षण लागत नाही. या मालावरचा ढोबळ नफा विक्रीच्या 26.67 टक्के आहे. माल परत आला तरी उरलेल्या मालावर तोच दर राहायला हवा, आणि 51,000 वर 13,600 धरले तर तो तसाच राहतो. साठा विक्रीभावाने चढवला, तर हा दर 31 टक्क्यांच्या वर उडी मारतो. साठा चढवायचाच राहिला, तर 14 च्याही खाली येतो. भाव बदललेले नसताना दर असा हलला, तर आधी परत आलेल्या मालाच्या नोंदी उघडाव्यात.

लहान दुकानांत प्रत्येक विक्रीला साठ्याची नोंद होत नाही. तिथे वर्षाअखेर माल मोजतात आणि त्यावरून विकलेल्या मालाची किंमत काढतात. त्यांना ही दुसरी नोंद करावी लागत नाही, पण मार्चअखेरच्या मोजणीत परत आलेल्या नगांना कोणता भाव लावायचा हा प्रश्न सुटत नाही. चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा विक्रीभाव तसाच उतरवून घेतला, की वरची पहिली चूक मागच्या दाराने आत शिरते.

खरेदीभाव म्हणजे नेमका कोणता, हेही पाहावे लागते. समजा मधल्या काळात सूत महागले आणि तीच साडी आता 1,180 ला पडते. म्हणून परत आलेली साडी 1,180 ने चढवायची का? नाही. ती 1,100 ने गेली होती, 1,100 नेच परत येईल. त्यासाठी मूळ बिल शोधावे लागते, आणि बिलाचा क्रमांक क्रेडिट नोटवर लिहिण्याचा एक फायदा हाही आहे. साताऱ्याहून गठ्ठा आणायला लागलेले टेम्पोचे भाडे मात्र साडीच्या किमतीत मिसळू नये. साडी दोनदा प्रवास करून आली म्हणून तिचे मोल वाढत नाही. ते भाडे सरळ खर्चात जाते.

राहिल्या त्या डागाळलेल्या दोन साड्या. खरेदीभावाने नोंद करून इथे भागत नाही. हिशेबाचा मानक नियम असा, की साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती पडू शकणारी निव्वळ रक्कम, यांत जी कमी असेल तिनेच दाखवायचा. या साड्या धुऊन 'सेकंड'च्या ढिगात 700 रुपयांना जातील आणि धुण्याला नगामागे 50 रुपये लागतील असे धरू. हाती पडतील 650. म्हणजे दर साडीमागे 450, दोन्ही मिळून 900 रुपयांचे नुकसान. ते नुकसान खात्याला नावे आणि मालसाठ्याला जमा होईल. साठ्यात सहा नगांची किंमत 5,700 उरेल आणि नफा 12,700. साड्या आधी 1,100 ने आत घ्यायच्या आणि मग 900 कमी करायचे, असे दोन टप्प्यांत केलेले चांगले. मग परत आलेला माल किती आणि त्यातला खराब किती, हे निरनिराळे दिसते. डाग गिरणीतला असेल तर हे 900 रुपये पुढे इचलकरंजीच्या कारखानदाराकडून मागताही येतात, पण त्याने मान्य करेपर्यंत ते वहीत येणे म्हणून धरू नयेत.

परत आलेला प्रत्येक गठ्ठा 'विक्री परत' नसतो. कापड आणि सराफ बाजारात माल जांगड देण्याची जुनी रीत आहे. पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत करा. जांगड माल पसंत होईपर्यंत विक्री झालेलीच नसते, त्यामुळे तो परत आला तर क्रेडिट नोटचा प्रश्न येत नाही. तो सगळा वेळ व्यापाऱ्याच्याच साठ्यात, खरेदीभावाने, फक्त 'अमुक दुकानात जांगड' अशा शेऱ्यासह उभा असतो. जीएसटी कायद्याने याला मुदत घातली आहे. माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत पसंती-नापसंती ठरली नाही, तर बिल फाडावेच लागते. त्यानंतर माल आला तर तो विक्रीनंतरचा परतावा ठरतो आणि क्रेडिट नोट लागते.

किरकोळ दुकानात याच नोटेचे धाकटे भावंड भेटते. साडी परत केली की पैशांऐवजी 'सहा महिन्यांत खरेदी करा' अशी चिठ्ठी हातात ठेवली जाते. चिठ्ठी दिली म्हणजे व्यवहार मिटला असे दुकानदाराला वाटते, पण ते पैसे गिऱ्हाइकाचेच आहेत आणि ती खरेदी होईपर्यंत ताळेबंदात देणे म्हणून दिसायला हवेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटीही सदोष मालाला लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिलावर मुदत छापलेली नसेल, तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मुदत व्यापाऱ्यालाही आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, ते संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर त्या तारखेपर्यंतच क्रेडिट नोटचा कर कमी करता येतो. सातारकरांनी गठ्ठा त्यानंतर पाठवला, तर व्यापारी त्यांना 9,000 रुपयांची साधी, बिनकराची नोट देऊ शकतो. साठ्यात साड्या तेव्हाही 6,600 नेच येतील. सरकारकडे भरलेले 450 रुपये मात्र परत मिळणार नाहीत.