हा रिपोर्ट कुठल्या सुनीता शिंदेंचा?

छोट्या दवाखान्यात संध्याकाळची ओपीडी सुरू होण्याआधी रिसेप्शनवरच्या ताईंचं एक काम ठरलेलं असतं. लॅबनं ईमेलवर पाठवलेले रिपोर्ट उघडायचे आणि कॉम्प्युटरमध्ये ज्याच्या-त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली तरच रिपोर्ट आत, हा साधा नियम. पेशंटची ओळख किमान दोन खुणांवरून पटवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनातही आहे, आणि नाव व जन्मतारीख ही त्यातली नेहमीची जोडी. आपल्याकडे मात्र ही जोडी अनेकदा अपुरी पडते.

पहिली अडचण म्हणजे बऱ्याच रिपोर्टांवर जन्मतारीखच नसते. असतं ते नुसतं वय, आणि तेही नमुना देताना पेशंटनं किंवा सोबतच्या मुलानं अंदाजानं सांगितलेलं. दुसरी अडचण एक जूनची. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्यामुळे आजच्या पन्नाशी-साठीतल्या कितीतरी लोकांचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. नाव सारखं, आडनाव सारखं, वर्षही तेच, असं झालं की जन्मतारीख काहीच वेगळं सांगत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दवाखान्यात दोन फोल्डर आहेत. एक सुनीता रमेश शिंदे यांचं, दुसरं सुनीता राजेंद्र शिंदे यांचं. दोघींची जन्मतारीख १ जून १९६८. २० जुलै २०२५ला ईमेल येतो. रिपोर्टवर `SHINDE SUNITA R`, खाली `57 Y / F`, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. आता हा ठेवायचा कुठे?

ताई आधी जुने रिपोर्ट बघतात. रमेशरावांच्या सुनीताबाईंचा मार्चमधला आकडा ५.६, राजेंद्ररावांच्या सुनीताबाईंचा एप्रिलमधला ८.६. म्हणजे हा दुसरीचाच, असं वाटणं साहजिक आहे. पण इथेच थांबायला हवं. आकडा पाहून शंका घ्यावी, मालक ठरवू नये. नाहीतर पहिलीची साखर खरोखरच वाढली असेल, तर ती बातमी दुसरीच्या फोल्डरमध्ये गडप होईल. रक्तगटाचं थोडं वेगळं आहे. तो सहसा बदलत नाही, म्हणून जुन्या-नव्या रिपोर्टांत वेगळा दिसला तर कुठेतरी गफलत आहे असंच धरावं.

मग ताई वही काढतात. डॉक्टरांनी कोणाला, कोणत्या तारखेला, कोणती तपासणी लिहून दिली, याची नोंद त्या रोज करतात. १९ जुलैला राजेंद्र शिंदेंच्या घरच्यांना ही तपासणी दिलेली आहे. दुसऱ्या सुनीताबाई महिनाभरात आलेल्याच नाहीत. तरीही लॅबला फोन होतो. रिपोर्टवरचा नमुना क्रमांक सांगून त्या विचारतात, नोंदणीत पूर्ण नाव आणि मोबाइल कोणता आहे? उत्तर जुळतं. पूर्ण नाव आणि जन्मतारीख घातलेला दुरुस्त रिपोर्ट लॅबकडूनच मागवायचा, आलेल्या पीडीएफमध्ये स्वतः बदल करायचा नाही. तो येईपर्यंत फाइल `TAPASNE` नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, आणि आकडा जास्त असल्यानं डॉक्टरांना तोंडी लगेच सांगितलं जातं. दुरुस्त रिपोर्टला असं नाव मिळतं:

```
SHINDE_SUNITA_RAJENDRA_1968-06-01_2025-07-20_HBA1C.pdf
```

आधी जन्मतारीख, मग नमुना घेतल्याची तारीख. ईमेल आल्याची तारीख इथे घालू नये, कारण रिपोर्ट दोन दिवसांनी आला तरी रक्त त्याच दिवसाचं असतं. वर्ष पुढे लिहिलं की एकाच पेशंटचे रिपोर्ट आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात, आणि ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ उरत नाही.

चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेला रिपोर्ट सापडणं अवघड, कारण जिथे तो नको तिथे कोणी शोधायला जात नाही. तो कळतो फक्त वहीतून. तपासणी लिहिली, पण चार-पाच दिवसांत समोर ‘आला’ अशी खूण नाही, की शोध सुरू करायचा. वही न ठेवणाऱ्या दवाखान्यात हे पेशंट परत येईपर्यंत कळत नाही.

यातलं निम्मं काम आपल्याही हातात आहे. लॅबमध्ये नमुना देताना वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालून, दवाखान्यात आहे तसंच पूर्ण नाव सांगा. वयाऐवजी जन्मतारीख लिहून घ्या असं सांगा, आणि पावती हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी दोन्ही वाचून बघा.