आधी बास्केट, मग बॉक्स

‘मिस्त्री, चॅनेल आणि बास्केट चांगल्या क्वालिटीच्या लावा. सगळं सॉफ्ट क्लोज पाहिजे.’ किचन ट्रॉल्यांचं काम देताना सुताराला जाणारा निरोप बहुधा एवढाच असतो, आणि त्यावरून मिस्त्रीला एकही फळी कापता येत नाही. मग तो ओट्याखालची जागा मोजतो, प्लायवूडचा बॉक्स करून मोकळा होतो आणि त्यात बसेल ती बास्केट दुकानातून आणतो. हा क्रमच उलटा आहे. तारेची बास्केट ठरावीक मापांत मिळते, प्लाय मात्र हवा तसा कापता येतो. तेव्हा आधी बास्केट घरात यायला हवी, मग करवत चालायला हवी.

जुन्या फ्लॅटमधला नेहमीचा ओटा घेऊ. वर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याच्या उभ्या फरशा आणि त्यांच्यामधले गाळे. एक गाळा समोरून २२ इंच भरतो. पण कडप्पा अगदी ओळंब्यात असेल याची खात्री नसते. आतमध्ये, भिंतीजवळ, तोच गाळा २१ इंच ६ सूत निघतो. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बरेच मिस्त्री अजून त्यातच बोलतात, दुकानदार मात्र मिलिमीटरमध्ये, आणि पुष्कळ घोटाळे या दोघांच्या मधल्या वाटेवर होतात.) म्हणून पुढे आणि मागे, वर, मध्ये आणि खाली मोजून सगळ्यांत लहान माप धरायचं. इथे ते ५५२ मिलिमीटर.

आता १९ इंच रुंदीची बास्केट घेतली, तर ती ४८३ मिलिमीटर होते. बाजूला लागणारं साधं टेलिस्कोपिक चॅनेल अर्धा इंच जाडीचं असतं, दोन बाजूंचे मिळून २५ ते २६ मिलिमीटर. म्हणजे बॉक्स आतून ५०९ हवा. १८ मिलिमीटरच्या प्लायला आतून-बाहेरून सुमारे पाऊण मिलिमीटरचं लॅमिनेट लागलं, की एक बाजू साडेएकोणीसच्या आसपास जाते. दोन बाजू मिळवल्या तर बॉक्स बाहेरून ५४८. गाळा ५५२. दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर सरकवायला उरतात, काम बसतं. लॅमिनेटचा हिशोब विसरला, तर आतलं माप तीनएक मिलिमीटरने कमी येतं आणि बास्केट घासत चालते. म्हणून निरोपात ‘बॉक्स एवढ्याचा करा’ न लिहिता ‘लॅमिनेट लावून झाल्यावर आतून स्वच्छ ५०९’ असं लिहावं. बास्केटवर छापलेली रुंदी तारेची आहे की चॅनेलसकट, हे कंपनीगणिक बदलू शकतं. बास्केट हातात घेऊन टेपने मोजली की वाद राहत नाही.

उंचीचं गणित वेगळं आहे आणि तिथे बास्केटच्या उंचीवर विसंबून चालत नाही. ताटांची बास्केट ८ इंचांची असली, तरी तिच्यात उभं ठेवलेलं १२ इंची ताट तिच्या वर डोकं काढतंच. वरच्या बास्केटने त्याला अडवू नये एवढी जागा सोडावी लागते. आपल्या गाळ्यात उंची २७ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर मिळते असं धरू. मग मिस्त्रीला जाणारा निरोप असा होईल:

‘मिस्त्री, नमस्कार. गॅसच्या डावीकडचा गाळा. तीन ट्रॉल्या, तिन्ही १९ इंच रुंद, २० इंच खोल. वरची ४ इंची, चमचे-पळ्यांसाठी. समोरची फळी १४० मिमी. मधली ६ इंची, कप-वाट्यांसाठी, फळी १८०. खालची ८ इंची, ताटांची, फळी ३५०. वर-खाली आणि प्रत्येक फळीमध्ये ४ मिमी फट. चॅनेल २० इंची, सॉफ्ट क्लोज, ४५ किलोचं. बास्केट मी आणून ठेवते, त्या मोजूनच बॉक्स कापा. बॉक्स आतून, लॅमिनेटनंतर, ५०९. मागे गॅसचा पाइप आहे, खोली मोजून मला फोटो पाठवा.’

१४०, १८० आणि ३५० मिळून ६७०, चार फटींचे १६, एकूण ६८६. ही बेरीज निरोपातच करून टाकली, तर मिस्त्रीला अंदाजाने फळी कापावी लागत नाही. मिस्त्री राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा असेल तर हेच हिंदीत पाठवावं, आकडे बदलत नाहीत. आणि पाइपचं वाक्य गाळू नये. पाइपामुळे खोली कमी पडली तर २० इंची बास्केट पूर्ण बंदच होत नाही, समोरची फळी इंचभर बाहेर राहते.

४५ किलो हा आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही, आणि त्यात बास्केटचं वजनही आलं. ताटांना तो पुरतो. तांदूळ-गव्हाचे डबे ठेवायच्या ट्रॉलीसाठी मात्र जास्त वजनाचं चॅनेल वेगळं लिहून मागावं.

बिजागऱ्यांचा प्रश्न सिंकखालच्या आणि भिंतीवरच्या कपाटांपुरता. दुकानात त्या ‘झिरो’, ‘आठ’ आणि ‘सोळा’ क्रँकच्या नावाने मिळतात. दार बाजूच्या फळीची कड पूर्ण झाकणार असेल तर झिरो. एकाच मधल्या फळीवर दोन्हीकडची दारं येणार असतील, तर प्रत्येकाला निम्मीच कड मिळते, तिथे आठ. दार चौकटीच्या आत बसणार असेल तर सोळा. सगळीकडे झिरोच आणली, की मधल्या फळीवर दोन दारं एकमेकांवर चढतात, आणि हे स्क्रू फिरवून सुटत नाही. त्या स्क्रूंनी दार थोड्याच मिलिमीटरने हलतं. बिजागरीच्या वाटीसाठी दारात ३५ मिलिमीटर व्यासाचं, बारा-तेरा मिलिमीटर खोल भोक पडतं, म्हणून दार १८ मिलिमीटरचंच हवं. बारा मिलिमीटरच्या दारात ते आरपार जाईल. तीन फुटांपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या, त्याहून उंच असेल तर तीन. सिंकखाली ओल असते, तिथे स्टेनलेसच्या सांगाव्यात.

बास्केटचं स्टील ‘३०४’ असावं असं सगळेच म्हणतात. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्याला फारसा अर्थ नाही. ३०४ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये ते चार ते सहा टक्केच, बाकी भर मँगनीजची. पण चुंबक दोन्हींना जवळपास सारखंच सोडतो. उलट वाकवलेल्या अस्सल ३०४ च्या तारेला तो थोडा धरूही शकतो. खरा उपाय म्हणजे बिलावर ‘एसएस ३०४’ लिहून घेणं, आणि शंका असेल तर स्टील तपासायच्या रसायनाचा थेंब टाकायला सांगणं. २०२ वर गंज आधी वेल्डिंगच्या जोडांवर दिसतो, मिठाचे हात जिथे लागतात तिथे.

काम झाल्यावर रिकामी बास्केट एका बोटाने, मधोमध न धरता एका कोपऱ्याला धरून ओढावी. शेवटी जड लागली तर बॉक्स कुठेतरी अरुंद आहे किंवा दोन चॅनेल एका पातळीत नाहीत. उलट ती डुलत चालली, मागे खडखडली, तर बॉक्स रुंद झालाय आणि स्क्रू चॅनेलला ओढून धरताहेत. अशा चॅनेलमधल्या गोळ्या पुढे निसटतात. सॉफ्ट क्लोज ट्रॉली शेवटच्या दोन इंचांत आपोआप आत जायला हवी. ती इंचभर अलीकडेच थांबली, तर सॉफ्ट क्लोजला दोष देण्याआधी पातळी तपासायला सांगावी. मग तीच परीक्षा ताटं भरून पुन्हा घ्यावी, आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.