क्लॉक मंद करूनही न सुटणारी चूक

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ब्लूमिंग्टन येथे स्कायवॉटर या कंपनीचा चिप बनवण्याचा कारखाना आहे. गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये या कारखान्याच्या १३० नॅनोमीटर तंत्राची माहिती सर्वांसाठी खुली केली. एरवी अशी माहिती गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय हाती पडत नाही. आता ती कोणीही उतरवून घेऊ शकतो, आणि उघडून पाहिली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. एकाच गेटला सिग्नल पुढे पोचवायला किती वेळ लागतो, याची उत्तरे अनेक फायलींत दिलेली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

त्यांपैकी तीन फायलींची नावे `tt_025C_1v80`, `ss_100C_1v60` आणि `ff_n40C_1v95` अशी संपतात. पहिलीत नेहमीसारखे ट्रान्झिस्टर, २५ अंश तापमान आणि १.८० व्होल्ट धरले आहेत. दुसरीत मंद ट्रान्झिस्टर, १०० अंश आणि १.६० व्होल्ट; तिसरीत वेगवान ट्रान्झिस्टर, उणे ४० अंश आणि १.९५ व्होल्ट. चिपचे अभियंते या टोकांना ‘कॉर्नर’ म्हणतात. चिप कारखान्यात पाठवण्याआधी तिचे वेळेचे गणित या टोकांवर सुटावे लागते. मधल्या, सरासरी फायलीवर ते सुटले एवढ्याने भागत नाही.

फरक पडतो तो तीन कारणांनी. पहिले कारण घडणीचे. सिलिकॉनच्या चकतीवर अशुद्धी मिसळणे, ऑक्साइडचा थर चढवणे, गेटची लांबी कोरणे ही कामे कितीही काटेकोर केली तरी एका चकतीचे ट्रान्झिस्टर दुसरीपेक्षा थोडे चपळ किंवा सुस्त निघतात. फायलीच्या नावात अक्षरे दोन असतात, कारण ट्रान्झिस्टरही दोन जातींचे असतात आणि एक जात चपळ, दुसरी सुस्त असेही घडू शकते. दुसरे कारण व्होल्टेज. पुरवठा थोडा वरखाली होतोच, शिवाय चिपच्या आतल्या बारीक तारांतून वीज जाताना काही व्होल्टेज वाटेतच खर्च होते. तिसरे कारण तापमान. साधारणपणे गरम ट्रान्झिस्टर मंदावतो. पण व्होल्टेज फार कमी असेल तर उलटे होते आणि थंड ट्रान्झिस्टर जास्त मंद ठरतो. म्हणून कमी व्होल्टेजच्या आधुनिक चिपमध्ये मंद टोक गरम आणि थंड अशा दोन्ही तापमानांना तपासतात.

हे गणित ज्या जागी घडते ती जागा म्हणजे दोन फ्लिप-फ्लॉपमधली वाट. फ्लिप-फ्लॉप एक बिट सांभाळतो आणि क्लॉकचा ठोका पडला की समोर असलेला नवा बिट उचलतो. समजा क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोन ठोक्यांत १० नॅनोसेकंद. वाटेत बेरीज करणारी गेट्स आहेत आणि सरासरी फायलीप्रमाणे बिटाला पोचायला ६.२ नॅनोसेकंद लागतात. ठोक्याच्या ०.१ नॅनोसेकंद आधी बिट स्थिर झालेला हवा; या अटीला ‘सेटअप’ म्हणतात. हाताशी ३.७ नॅनोसेकंद उरतात, म्हणजे चैनच आहे. आता तीच वाट मंद टोकावर मोजू. गेट्स १.७ पट मंद झाली असे धरले तर प्रवास १०.५ नॅनोसेकंदांच्या पुढे जातो आणि नवा बिट पोचण्याआधीच ठोका पडतो. सरासरीवर ऐसपैस वाटणारा आराखडा इथे मोडतो.

उपाय मात्र आहेत. वाटेच्या मध्ये आणखी एक फ्लिप-फ्लॉप टाकून कामाचे दोन तुकडे करता येतात, मोठी आणि जोमदार गेट्स वापरता येतात. चिप तयार होऊन हातात आली असली तरी क्लॉक मंद करून ती चालवता येते. कमी वेगाची म्हणून का होईना, ती विकली जाते.

वेगवान टोकाची भीती निराळी आहे. ठोका पडल्यावरही जुना बिट क्षणभर जागेवर राहिला पाहिजे, म्हणजे फ्लिप-फ्लॉप तो नीट पकडू शकतो. याला ‘होल्ड’ म्हणतात. फलाटावरची लोकल सुटेपर्यंत मागची लोकल सिग्नलबाहेर थांबवतात, तसाच हा नियम. समजा दोन फ्लिप-फ्लॉप थेट जोडलेले आहेत, मध्ये गेट नाही. सरासरी फायलीत नवा बिट ०.४५ नॅनोसेकंदात पोचतो. लांब तारेमुळे दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला ठोका ०.३० उशिरा मिळतो आणि त्यानंतर ०.०५ जुना बिट टिकायला हवा. एकूण ०.३५, म्हणजे ०.१० शिल्लक. वेगवान टोकावर ट्रान्झिस्टर चपळ होतात, बिट ०.२८ मध्येच येऊन धडकतो. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा उशीर मात्र ट्रान्झिस्टरच्या चपळाईने घटत नाही, त्यामुळे ठोका ०.२५ उशिरा पडतो आणि गरज ०.३० वर अडकते. तूट फक्त २० पिकोसेकंदांची, पण जुना बिट पुसला गेला.

इथे क्लॉक मंद करून काही साधत नाही. सगळा गोंधळ एकाच ठोक्याच्या आसपास घडतो. पुढचा ठोका दहा नॅनोसेकंदांनी पडो की एका सेकंदाने, त्याचा संबंधच येत नाही. टेबलावरच्या चिपमध्ये नेमके काय बिघडले हे ओळखायची पहिली खूणही हीच: क्लॉक उतरवल्यावर चूक नाहीशी झाली तर संशय सेटअपवर, तशीच राहिली तर होल्डवर.

स्कायवॉटरच्याच तंत्रावर याचे खरे उदाहरण घडले. गूगलच्या खर्चाने हौशी आणि विद्यार्थी आराखडेकारांच्या चिप बनवून देण्याची योजना इफेबलेस ही कंपनी चालवत होती. या चिपना कॅरावेल नावाची सामाईक चौकट असे. चौकटीला बाहेरच्या जगाशी जोडणारे ३८ पाय होते आणि प्रत्येक पायाने कसे वागायचे ते १३ बिटांत ठरे. हे बिट फ्लिप-फ्लॉपच्या लांब साखळीतून एकेक पाऊल पुढे सरकत. २०२१ मधल्या दुसऱ्या खेपेच्या चिपमध्ये या साखळीत शेजारच्या पायांमध्ये होल्डची अट मोडत होती आणि तिथे बिट निसटत होते. आतला आराखडा निर्दोष असला तरी पायच नीट उघडेनात. शेवटी प्रत्येक चिपवर कोणत्या जोडीत बिट निसटतो हे आधी चाचणीने शोधायचे आणि ते गळणे हिशेबात धरून बदललेले बिट पाठवायचे, असा मार्ग काढावा लागला.

आराखड्यात असतानाच हा दोष दिसला तर दुरुस्ती सोपी असते. वाटेत मुद्दाम उशीर करणारे गेट बसवतात. स्कायवॉटरच्या संग्रहात `sky130_fd_sc_hd__dlygate4sd3_1` हे त्याच कामाचे आहे. पण वेगवान टोकावर हवा असलेला हा उशीर मंद टोकावर आणखी वाढतो आणि तिथला सेटअप खाऊ लागतो. म्हणून एका टोकाची दुरुस्ती झाली की दुसरे टोक पुन्हा मोजतात आणि दोन्हीकडे शिल्लक उणे राहणार नाही इतपतच भर घालतात.

या फायलींची मर्यादाही आहे. प्रत्येक फाइल असे धरून चालते की चिपवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकत्र मंद किंवा एकत्र वेगवान आहेत. प्रत्यक्षात एकाच चिपचा एक कोपरा तापलेला आणि दुसरा थंड असू शकतो, शेजारचे दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे नसतात. त्यासाठी मंद टोकावरही क्लॉकची वाट काही टक्के वेगवान आणि बिटाची वाट काही टक्के मंद धरून हिशेब आणखी कडक करतात. होल्ड तपासताना हीच सूट उलटी लावतात. तारांची जाडी आणि त्यांच्यामधले अंतरही घडणीत बदलते, म्हणून तारांचे कॉर्नर वेगळे असतात. या सगळ्यांच्या जोड्या लावल्या की एकाच आराखड्याची तपासणी डझनावारी परिस्थितींत होते, आणि त्यातली एक जरी उणे निघाली तरी आराखडा कारखान्याकडे न जाता दुरुस्तीला परत येतो.