ड्रोन फवारणीचे पत्र: एकरी दराच्या आधी काय लिहावे

उसावर ड्रोनने फवारणी करून देणाऱ्या व्यावसायिकाला सहकारी संस्थेच्या सचिवाने नुसते ‘आपला एकरी दर कळवावा’ असे लिहिले, तर उत्तरही मोघम येते. दर ठरतो तो रान पाहून.

समजा, नदीकाठच्या एका विकास सोसायटीच्या सभासदांचा 40 एकर खोडवा डोक्याच्या वर गेला आहे आणि पाणी साचणाऱ्या भागात पांढरी माशी पडली आहे. पाठीवरचा पंप घेऊन अशा उसात शिरता येत नाही. पत्रात गटवार क्षेत्र, उसाची उंची, लोळलेला भाग, विजेच्या तारा, बांधावरची झाडे, गाडीरस्ता आणि शेजारची पिके एवढे तरी यावे. शेजारी द्राक्षबाग किंवा रेशमाची तुती असेल, तर ते ठळकपणे लिहावे. वाऱ्याने उडालेले औषध तिथे मोठे नुकसान करते.

दर विचारताना त्यात औषध, पाणी, वाहतूक आणि जीएसटी धरला आहे का, हे स्पष्ट विचारावे. पाऊस किंवा वाऱ्यामुळे काम थांबले तर फेरीचा खर्च कोणाचा, हेही. सोबत ड्रोनची नोंदणी, चालकाचे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत मागावी.

सगळ्यात मोठी चूक होते ती मात्रेत. पंपाने एकरी सुमारे 200 लिटर पाणी लागते, ड्रोनला साधारण 10 लिटर. एखादे औषध एकरी 200 मिली द्यायचे असेल, तर पंपाच्या द्रावणात ते लिटरला 1 मिली पडते. ड्रोनच्या टाकीत 20 मिली पडायला हवे. जुन्याच प्रमाणाने टाकी भरली तर एकरी जेमतेम 10 मिली औषध जाते आणि कीड हलत नाही. म्हणून पत्रात एकरी मात्राच लिहावी आणि ते औषध ड्रोनसाठी मान्य आहे का, हे लेखी मागावे. इतके दाट द्रावण कालवणाऱ्यासाठी हातमोजे आणि मास्क सक्तीचे असावेत.

चाचणीसाठी दोन एकर पुरतात. शेजारी एक पट्टा न फवारता सोडावा. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात आणि ड्रोनचे थेंब बहुतेक वरच पडतात. खरी कसोटी हीच. पाणी लागताच निळे होणारे पिवळे कागद शेंड्याला, मधल्या पानांवर, पानांखाली आणि बांधापलीकडे लावावेत. शेंड्यावर दाट निळे ठिपके आणि खाली कोरा कागद दिसला, तर उंची, वेग किंवा पाण्याचे प्रमाण बदलून पुन्हा उडवायला सांगावे. बांधापलीकडचा कागद निळा झाला, तर वारा जास्त होता. फवारणीआधी आणि नंतर सातव्या दिवशी ठरावीक पानांवरची जिवंत पिल्ले दोन्ही पट्ट्यांत मोजावीत.

हुमणी जमिनीत मुळे खाते आणि खोडकीड जमिनीलगत कोंबाला छिद्र पाडून आत शिरते; त्यांच्यासाठी हे पत्र लिहूच नये. पांढऱ्या माशीतही पाण्याचा निचरा आणि नत्राचा हप्ता राहिला असेल, तर ती पुन्हा येते.