‘नाही’ म्हणताना तारीख सांगा

महिन्याची १८ तारीख. अकाउंट्स विभागातल्या कर्मचारी महिलेला साहेबांचा मेसेज येतो: बजेटचा तक्ता उद्या हवा. ती चिडून टाइप करते, ‘सगळं मीच करायचं का? जमणार नाही.’ यातून साहेबांना राग कळतो, अडचण कळत नाही.

तोच मेसेज असा लिहिता येतो: ‘सर, जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं आहे. त्याच्या ताळमेळाला आज-उद्याचा पूर्ण वेळ लागेल. तक्ता २२ला दुपारी देते. तो आधी हवा असल्यास ताळमेळ कोणाकडे द्यायचा, ते सांगा.’

इथे हातातलं काम, लागणारा वेळ आणि पर्याय स्पष्ट आहेत. प्राधान्य ठरवणं साहेबांकडे गेलं. ‘बघते, प्रयत्न करते’ मात्र जोडू नये. ते होकारासारखंच वाचलं जातं.